अर्धी रजा: येणार आहात की गेलात?

(नव्यानं रुजू झालेल्या लिपिक बंधू-भगिनींसाठी मार्गदर्शिका)

परभणीत नव्यानं रुजू झालेल्या कनिष्ठ लिपिकाला पहिल्या आठवड्यात सगळे काही ना काही शिकवतात. आवक-जावक कुठं आहे, कोणत्या टपरीवरचा चहा प्यायचा, कोणाच्या खुर्चीला हात लावायचा नाही. अर्धी रजा कशी मागायची हे मात्र कोणी शिकवत नाही. त्यात शिकवण्यासारखं काय आहे, असं सगळ्यांना वाटतं. म्हणून नवा माणूस एके दिवशी सकाळी मोबाईलवर लिहितो, "सर आज हाफ डे," आणि निर्धास्त होतो. त्याच्या मते त्यानं कळवलेलं आहे. साहेबांच्या मते तो दुपारी येणार आहे. आस्थापनेच्या भाऊसाहेबांच्या मते तो सकाळी येऊन दुपारी जाणार आहे. आणि तो स्वतः मानवतच्या बसमध्ये बसून, आपण यातलं नेमकं काय करणार आहोत, याचा विचार करत असतो.

अशा माणसाचं दिवसाच्या शेवटी काय होतं, ते आधी बघू. सकाळी तो नाही, म्हणून हजेरीपटावर त्याचा चौकोन रिकामा. दुपारीही तो नाही, कारण मानवतला काम लांबलं. त्यानं मागितली अर्धी, गेली पूर्ण, आणि साहेबांचा मूड वाईट असेल तर "विनापरवानगी अनुपस्थित" असा शेरा वरून. दुसऱ्या दिवशी तो म्हणतो, "मी तर कळवलं होतं." कळवलं होतं हे खरं. काय कळवलं होतं, हा प्रश्न आहे.

आता मूळ नियम. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला कॅलेंडर वर्षात 8 नैमित्तिक रजा मिळतात. बोलताना आपण त्यांना किरकोळ रजा किंवा सीएल म्हणतो. जिल्हा परिषदेच्या गुरुजींना 12 मिळतात, आणि त्याबद्दल त्यांचा हेवा करण्यात वेळ घालवू नये. यातली प्रत्येक रजा अर्धी अर्धी करून वापरता येते. गंमत अशी की 1981च्या रजा नियमांत जिला खरी रजा मानतात, त्यात ही बसतच नाही. नैमित्तिक रजेवरचा माणूस कामावरच आहे असं धरतात, म्हणून त्याचा पगार कुठं हलत नाही. पण त्याच कारणानं ती हक्कानं मागताही येत नाही. विनंती करायची आणि मंजुरीची वाट बघायची.

इथं एक सावधगिरी. अर्जात घाईघाईनं "अर्ध रजा" असं काहीतरी मोघम खरडू नका. अर्धवेतनी रजा नावाचं एक वेगळंच प्रकरण आहे. ती वर्षाला 20 दिवस जमा होते, अर्ध्या पगारावर मिळते आणि तिची नोंद सेवापुस्तकात जाते. तुम्हाला दुपारी गॅसचा नंबर लावायला जायचंय, आणि तेवढ्यासाठी सेवापुस्तक उघडायला लावलंत तर आस्थापनावाले तुम्हाला निवृत्तीपर्यंत विसरणार नाहीत. "अर्धा दिवस नैमित्तिक रजा" असं सगळं पूर्ण लिहावं.

मग येतो कळीचा भाग. दिवसाचा कोणता अर्धा?

सरकारी कागदावर याला दोनच नावं आहेत: मध्यान्हपूर्व आणि मध्यान्हनंतर. थोडक्यात म.पू. आणि म.नं. बदलीवर आलेल्या माणसाच्या कार्यभार हस्तांतरणावर ही अक्षरं तुम्ही पाहिली असतील. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" असं पुटपुटत जे इथं रुजू होतात, तेसुद्धा म.पू. रुजू झालो की म.नं., हे न चुकता लिहितात, कारण त्यावर त्यांचा त्या दिवसाचा पगार कोणत्या कार्यालयानं काढायचा हे ठरतं. तोच माणूस अर्धी रजा मागताना मात्र ही दोन अक्षरं विसरतो.

मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा, असं नवशिक्याला वाटतं. कार्यालयातला मध्यान्ह बाराला होत नाही, तो डबा उघडल्यावर होतो. 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हापासून आपली वेळ सकाळी 9.45 ते संध्याकाळी 6.15 आहे आणि जेवणाची सुट्टी दुपारी 1 ते 2 च्या दरम्यान, जास्तीत जास्त अर्धा तास. समजा तुमच्या शाखेत 1 ते 1.30 डबा खातात. मग सकाळचा अर्धा भरतो सव्वातीन तासांचा आणि दुपारचा पावणेपाच तासांचा. रजा खात्यात दोन्ही अर्धे सारखेच, ½. हा दीड तासाचा फरक कोणत्याही परिपत्रकानं लपवलेला नाही, पण जुने लोक तो नव्यांना सांगत नाहीत. म.नं. रजेला आमच्याकडं जास्त मागणी का असते आणि आस्थापनेचे भाऊसाहेब ती मागितल्यावर चष्म्याच्या वरून का बघतात, याचं उत्तर या हिशेबात आहे.

डबा जर 1.30 ला उघडत असेल तर फरक अर्ध्या तासावर येतो. आपल्या शाखेचा डबा कधी उघडतो हे पहिल्याच दिवशी बघून ठेवावं. ज्येष्ठांना विचारू नये. विचारलं की त्यांना कळतं.

आता एक प्रसंग सोडवून बघू. उदाहरण लग्नाचंच घेऊ, कारण मे महिन्यात परभणीत अर्ध्या रजेचं दुसरं कारण जवळजवळ नसतंच. लग्न जिंतूरला आहे. पत्रिकेवर मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा. जिंतूर इथून चाळीसेक किलोमीटर. झरी, बोरी करत लालपरीला तास-सव्वातास लागतो. प्रश्न: म.पू. की म.नं.?

नवशिका पत्रिका वाचतो. बारा-पस्तीस म्हणजे डब्याच्या आधी, म्हणजे म.पू. सरळ आहे! तो म.पू. रजा टाकतो, साडेदहाची गाडी धरतो, पावणेबाराला मांडवात हजर. तिथं पंख्याखाली चार म्हातारे आणि वाजंत्रीवाले, बाकी कोणी नाही. नवरदेव अजून मारुतीच्या देवळात. बारा-पस्तीस होतात, एक-पस्तीस होतात. दीड वाजता त्यानं कार्यालयात असायला हवं होतं, आणि इथं वरात आत्ता कुठं वेशीपाशी नाचत आलेली. अक्षता न टाकता निघालं तर पाहुणे बोलतात, टाकून निघालं तर मस्टर बोलतं. शेवटी पंगतीत बसून तो मोबाईलवर लिहितो, "सर, उरलेला अर्धाही घेतो." साहेबांनी ते वाचेपर्यंत तीन वाजलेले असतात.

मुरलेला माणूस पत्रिका वाचत नाही, नवरदेवाकडचे लोक कोणत्या गावचे आहेत ते विचारतो. त्यावरून लग्न दोन वाजता लागणार हे त्याला कळतं. तो सकाळी पावणेदहाला सही करतो, म.नं. रजा मंजूर करून घेतो, एकला उठतो आणि सव्वादोनच्या सुमारास मांडवात शिरतो. मंगलाष्टकं संपत आलेली असतात, पहिली पंगत बसायची असते. आहेर, अक्षता, जेवण, वरातीच्या घोड्यासोबत फोटो, सगळं होतं. गेला फक्त अर्धा, तोही दीड तासानं मोठा. पत्रिकेवरची वेळ गृहीत धरून सत्र ठरवायचं नाही, एवढं या प्रसंगातून नवशिक्यानं पाठ करावं.

सत्र ठरलं की अर्ज. अर्ज असा:

"प्रति, मा. कार्यालय प्रमुख. विषय: दि. 12 मे रोजी अर्धा दिवस (मध्यान्हनंतर) नैमित्तिक रजा मिळणेबाबत. महोदय, विनंतीपूर्वक सादर करतो की, घरगुती कामानिमित्त मला दि. 12 मे रोजी मध्यान्हनंतरच्या सत्रात अर्धा दिवस नैमित्तिक रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. मध्यान्हपूर्व सत्रात मी कार्यालयात उपस्थित राहीन. रजा कालावधीत माझ्या संकलनाचे काम शेजारील संकलनाचे लिपिक पाहतील, त्यांची संमती आहे. आपला विश्वासू."

यातलं एक वाक्य नव्यांना फालतू वाटतं: "मध्यान्हपूर्व सत्रात मी कार्यालयात उपस्थित राहीन." म.नं. रजा म्हटल्यावर सकाळी येणार हे उघडच आहे, वेगळं कशाला लिहायचं? लिहायचं. कारण कोणत्या सत्रात नाही, हे सांगितलं तरी कोणत्या सत्रात आहे हे समोरच्याच्या डोक्यात आपोआप उतरत नाही. उतरलं असतं तर हा लेख लागला नसता.

कारणाच्या जागी "घरगुती काम" लिहावं. ते सगळे लिहितात आणि कोणी विचारत नाही. "प्रकृती अस्वास्थ्य" मात्र जपून. उद्या बरोबर एक वाजता आपली प्रकृती बिघडणार आहे असा अर्ज आज दिलात, तर साहेब तो फाइलला लावत नाहीत, सगळ्यांना वाचून दाखवतात. "अत्यावश्यक काम" हेही टाळावं. काम इतकं अत्यावश्यक असेल तर पूर्ण रजा का नाही, असा प्रश्न येतो आणि त्याला चांगलं उत्तर नसतं.

मुख्यालय सोडण्याची परवानगी मात्र वगळू नये. अर्धी रजा असली तरी जिंतूर मुख्यालयाच्या बाहेरच येतं. नेमकं त्याच दुपारी वरून माहितीचा फोन आला आणि तुम्ही बोरीच्या पुढं सापडलात, तर रजा मंजूर असूनही खुलासा लिहायला लागतो.

अर्ज आस्थापनेच्या टेबलावर जातो. तिथं मागच्या बाजूला लहान अक्षरात लिहिलं जातं: शिल्लक 3½, मागणी ½, मंजुरीस्तव सादर. मग साहेबांची आद्याक्षरी आणि नोंदवहीत तुमच्या पानावर शिल्लक 3. ही नोंद आपल्या डोळ्यांनी पाहावी. सत्र न लिहिलेल्या अर्जाचं काय होतं तेही तिथंच दिसतं. भाऊसाहेब भले गृहस्थ असले तर तुम्हाला बोलावून विचारतात. कामात असले तर पेन्सिलनं 1 लिहून ठेवतात, "नंतर बघू" म्हणून. पेन्सिलचं शाईत कधी होतं ते कळत नाही.

दोन सत्रांची हाताळणी वेगळी आहे, आणि बहुतेक घोटाळे इथं होतात. म.पू. रजेत अडचण अशी की सकाळी हजेरीपट साहेबांकडं जातो तेव्हा तुमचा चौकोन रिकामा असतो. रिकाम्या चौकोनावर लाल पेन आपोआप चालतं. म्हणून म.पू.चा अर्ज आदल्या दिवशी संध्याकाळीच पोचायला हवा, आणि तो आला आहे हे मस्टर नेणाऱ्या शिपाईमामांना माहीत असायला हवं. साहेबांपेक्षा मामांना माहीत असणं जास्त उपयोगाचं आहे. आणखी एक: कपाटाची किल्ली. म.पू. रजेवर जाणारा माणूस किल्ली खिशात घेऊन घरी झोपतो, आणि साडेदहाला त्याच कपाटातली फाइल हवी असते. किल्ली आदल्या दिवशीच शेजारच्या टेबलावर द्यावी.

म.नं. रजेत उलटं असतं. सकाळची सही झालेली आहे, बोटाचा ठसा उमटलेला आहे, कागदावर तुम्ही दिवसभर हजर. अर्ज न देता एक वाजता सटकलात तर कोणाला कळणारही नाही, असं मनात येतं. चार वाजेपर्यंत कळत नाही, हे खरं. चार वाजता कोणीतरी तुमच्या टेबलाजवळ येऊन विचारतं, आणि मग तुमची सकाळची सहीच तुमच्याविरुद्ध पुरावा होते: हजर दाखवून गैरहजर. म्हणून म.नं.ला अर्ज तर हवाच, शिवाय निघताना हालचाल नोंदवहीत वेळ टाकून सही करावी. ही वही प्रत्येक कार्यालयात असते. ती सापडत नसेल तर मामांना विचारावं. बहुधा पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून कशावर तरी ठेवलेली असते.

उशिरा येणाऱ्यांसाठी एक उपकलम. गाडी पंक्चर झाली, साडेदहा वाजले, तर घाबरून म.पू. अर्धी रजा टाकू नये. आमच्याकडं तीन लेटमार्कला एक नैमित्तिक असा हिशेब चालतो, म्हणजे एका लेटमार्कची किंमत रजेचा तिसरा हिस्सा. पाऊण तासासाठी अर्धी देणं हा तोट्याचा व्यवहार आहे. बारा वाजले असतील तर मात्र अर्धी टाकलेली बरी. बाराला येऊन लेटमार्कची अपेक्षा ठेवणं म्हणजे साहेबांच्या सहनशीलतेची परीक्षा, आणि ती पास व्हायची त्यांना काही गरज नसते.

शुक्रवार-सोमवारची युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेलच, तेव्हा मीच सांगतो. शुक्रवारी म.नं., सोमवारी म.पू., मधले शनिवार-रविवार सुट्टीचे. खर्च एकच पूर्ण रजा आणि मुंबईला जाऊन येणं होतं. कागदावर ही युक्ती निर्दोष आहे. अडचण देवगिरी एक्स्प्रेसची. सोमवारी सकाळी ती वेळेवर आली तर अंघोळ करून दीडला टेबलावर. कुठं क्रॉसिंगला तासभर उभी राहिली, मग आणखी कशासाठी तरी उभी राहिली, तर म.पू. संपून म.नं. सुरू झालेलं असतं आणि तुम्ही अजून खिडकीतून सेलूचं स्टेशन बघत असता. अशा वेळी "अर्जित रजा लावून घ्या" असा निरोप पाठवू नये. नैमित्तिकला अर्जित जोडता येत नाही, आणि अर्जित रजा अर्ध्या दिवसाची नसतेच. आणखी अर्धी नैमित्तिकच मागावी, आणि या वेळी तरी म.नं. हे शब्द लिहावेत.

शिक्षकांबद्दल थोडकंच. त्यांच्याकडं डब्याऐवजी मधली सुट्टी आहे, म्हणून सत्र ओळखणं सोपं. पण उन्हाळ्यात आपल्याकडं शाळा सकाळची होते. सकाळच्या शाळेत "दुपारच्या सत्राची अर्धी रजा" मागणारा अर्ज मुख्याध्यापकांनी कसा वाचायचा? त्या दुपारी शाळाच नाही. पहिलं सत्र की दुसरं, असंच लिहावं. आणि शनिवारी, जेव्हा शाळाच अर्धी असते, तेव्हा अर्ध्याचा अर्धा मागू नये. तो हिशेब लिहायला नोंदवहीत रकाना नाही.

हे सगळं नेमकं कोणासाठी करायचं, असा प्रश्न पडला असेल तर मामांच्या स्टुलापाशी थोडा वेळ उभे राहा. पालमहून एक म्हातारबा आलेले असतात. पहाटे निघाले, गंगाखेडला गाडी बदलली, हातात झेरॉक्सची प्लास्टिकची पिशवी, तिला दोन रबर लावलेले. तुमच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून ते विचारतात, "भाऊसाहेब कुठं हायेत?"

"अर्ध्या रजेवर हायेत."

"मंग येणार हायेत का गेलेत?"

मामांना हे माहीत असेल तर म्हातारबा लिंबाखाली भाकरी सोडून दोनपर्यंत थांबतात, किंवा परतीची गाडी धरतात. माहीत नसेल तर मामा म्हणतात, "बसा, येतीलच." आणि म्हातारबा सव्वासहापर्यंत बसतात. तुम्ही जिंतूरला जिलबी खात असता. म्हणून माझं मत असं, की अर्जात लिहिलेलं सत्र खुर्चीपाशीही लिहावं. एका कागदावर मोठ्या अक्षरात, "दुपारी 1.30 नंतर भेटतील" किंवा "आज परत येणार नाहीत, उद्या सकाळी." तिथं म.पू.-म.नं. लिहू नये, ते फक्त आपल्याला कळतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तर अर्धीसुद्धा मागू नये. त्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, आणि पिशव्या घेऊन येणारे म्हातारबा एकटे नसतात.

शेवटी वर्षअखेर. नैमित्तिक रजा 31 डिसेंबरला बाद होतात, पुढं सरकत नाहीत. अर्धी अर्धी करून वापरणाऱ्याच्या खात्यावर डिसेंबरात हमखास एक ½ उरलेली असते. ती कोणत्या सत्राला लावावी याबद्दल ज्येष्ठांत दुमत नाही: 31 तारीख, म.नं. अर्ज मात्र 30 तारखेलाच मंजूर करून घ्यावा. 31 ला दुपारी मंजुरी देणारे साहेबही म.नं. असतात, आणि त्यांच्या अर्जावर सत्र लिहिलेलं असतं.